क्लॉज चौदा आणि फुगडी

फुगडी घालताना अपेक्षाच्या गळ्यातलं आयकार्ड भोवऱ्यासारखं गरगर फिरत होतं, आणि त्या आयकार्डावर आमच्या कंपनीचं नाव होतं. झालं ते एवढंच. बाकीचं सगळं रामायण त्या निळ्या पट्ट्याने केलं.

अपेक्षा आमच्याकडे डॉक्युमेंटेशनला आहे. परळला, जुन्या गिरणीच्या आवारातल्या टॉवरमध्ये, नवव्या मजल्यावर. जहाजाने माल बाहेर पाठवणाऱ्यांची कागदपत्रं आम्ही बनवतो. ती दिवसाला चाळीस शिपिंग बिलं भरते, मी टपाल बघतो. मी रघुवीर, बावीस वर्षं याच कंपनीत, बारावी नापास. कायदा मात्र वाचतो, फुटपाथवरची जुनी पुस्तकं घेऊन. कारण वरच्या लोकांना एकाच गोष्टीची भीती वाटते, खालचा माणूस वाचायला लागेल याची.

संध्याकाळी सहाला कार्ड पंच केलं की अपेक्षा दुसरी बाई होते. काळाचौकीतल्या अकरा बायकांचा तिचा मंगळागौरीचा ग्रुप आहे, 'झिम्माड'. श्रावणातल्या मंगळवारी कुणाच्या घरी, कुणाच्या हॉलवर मंगळागौर असते. नव्या नवरीने पूजा केली की हा ग्रुप नऊवारी नेसून झिम्मा, पिंगा, फुगड्या घालतो, पाकीट घेतो आणि घरी जातो. सगळा धंदा रीतसर, तिच्या नावावर.

श्रावणाच्या पहिल्या मंगळवारी दादरच्या एका हॉलवर कार्यक्रम होता. ही ऑफिसातून धावत गेली, हॉलच्या बाथरूममध्ये साडी नेसली, नथ घातली, गजरा माळला, आणि गळ्यातला पट्टा काढायला विसरली. पाच वर्षं रोज घालते, तो तिला मंगळसूत्रासारखा झालाय. त्यात खेळ ऐन रंगात आला आणि बायका ओरडल्या, "नाव घे, नाव घे!" हिने कमरेवर हात ठेवून ठणकावून नाव घेतलं:

"दिवसभर भरते शिपिंग बिलं, साहेब म्हणतात 'अजून दोन',
ध्रुवरावांचं नाव घेताना उचलत नाही एच.आर.चा फोन!"

कुणीतरी व्हिडिओ काढला. गुरुवारपर्यंत अडीच लाख लोकांनी तो पाहिला. त्यातला एक आमचा एच.आर. मॅनेजर विनीत.

गुरुवारी दुपारी अपेक्षाच्या टेबलावर पत्र आलं. नेमणूकपत्रातल्या क्लॉज चौदाचा भंग, अठ्ठेचाळीस तासांत खुलासा द्या. मी पत्र वाचलं, क्लॉज वाचला. 'कर्मचाऱ्याने आपला पूर्ण वेळ व लक्ष कंपनीस द्यावे. व्यवस्थापनाच्या पूर्व लेखी संमतीशिवाय, कामाच्या वेळेत अथवा वेळेबाहेर, दुसरी नोकरी, धंदा वा व्यवसाय करू नये.'

"वेळेबाहेर!" मी म्हटलं. "म्हणजे रात्री मी घोरतो तेपण यांच्या मालकीचं?"

"काका, हळू बोला," अपेक्षा म्हणाली. "विनीत सरांनी आत बोलावलेलं. म्हणाले, हमीपत्र सही कर, यापुढे हा धंदा करणार नाही म्हणून. विषय संपला. नाही केलंस तर चौकशी, आणि चौकशीनंतर घरी."

"मग?"

"मग काय? नोकरी गेली तर घर कसं चालणार? ध्रुवचं कॉन्ट्रॅक्ट तर वर्षावर्षाचं. आणि सही केली तर दुर्गा मावशीला काय सांगू? गिरगावचा शेवटचा मंगळवार घेतलाय आम्ही. ती बाई जूनपासून गुडघ्याला तेल लावतेय."

दुर्गा मावशी ग्रुपमधली सगळ्यात मोठी, त्रेसष्ट वर्षांची. महापालिकेच्या शाळेत आया होती. निवृत्त झाल्यापासून ती मंगळवार ते मंगळवार जगते.

मला जोर चढला. मी त्याच रात्री अडीच पानांचा खुलासा लिहिला. करार कायद्याचं कलम सत्तावीस! कुणालाही कायदेशीर धंदा करण्यापासून रोखणारा करार रद्दबातल! तीन ठिकाणी उद्गारचिन्हं टाकली. शेवटी 'गुलामगिरी' हा शब्द दोनदा.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही ते घेऊन गिरगावात ॲडव्होकेट सुचित्रांकडे गेलो. नोकरीच्या भानगडी बघतात. जिन्याखालचं ऑफिस, दोन खुर्च्या, तिसरा माणूस आला तर फायलीवर बसतो. त्यांनी माझी अडीच पानं वाचली, चष्मा वर केला आणि खो खो हसल्या.

"रघुवीर, हे कुणी लिहिलं?"

"मी."

"भाषा झकास आहे. कायदा चुकलाय."

"मॅडम, कलम सत्तावीस..."

"कलम सत्तावीस आहे हो. पण ते कामाला येतं नोकरी सोडल्यावर. उद्या हिने राजीनामा दिला आणि कंपनी म्हणाली की दोन वर्षं असलं काम कुठे करायचं नाही, तर ते बंधन टिकत नाही. पण नोकरी चालू असताना मालक म्हणाला की दुसरं काम करू नको, तर कोर्ट साधारणपणे ते मान्य करतं. अट अगदीच जुलमी असेल तर गोष्ट वेगळी. सुप्रीम कोर्टाने हा फरक कधीच करून ठेवलाय."

"वेळेबाहेर पण?"

"क्लॉजमध्ये तसं स्पष्ट लिहिलंय आणि हिने सही केलीय. त्यामुळे हो, वेळेबाहेर पण."

माझा फुगा तिथेच फुटला. बावीस वर्षं वाचून काय उपयोग, अर्धंच वाचलं तर! अपेक्षा तर पर्स उघडून पेन शोधायला लागली, हमीपत्रावर सही करायला.

"थांब गं," सुचित्रा मॅडम म्हणाल्या. "क्लॉज खरा आहे म्हणून नोकरी लगेच जात नाही. त्यांना आरोपपत्र द्यावं लागेल, चौकशी घ्यावी लागेल, तुझं ऐकावं लागेल. शिक्षाही चूक जेवढी तेवढीच हवी. फुगडी घातली म्हणून बडतर्फ, हे कोर्टात नेलं तर त्यांना जड जाईल. पण तिथपर्यंत वर्षं जातात. त्यापेक्षा मला एक सांग. क्लॉजमध्ये शब्द आहेत 'लेखी संमती'. कंपनीला तुझा ग्रुप आधी माहीत होता, असा एखादा कागद आहे?"

"माहीत तर सगळ्यांनाच होतं. मार्चमध्ये महिला दिनाला ऑफिसातच कार्यक्रम केला ना आम्ही."

मॅडमनी चष्मा परत खाली केला. "ऑफिसात?"

"विनीत सरांनीच बोलावलं होतं. श्रावण नाही, काही नाही, आठ मार्चला मंगळागौर! कामाच्या वेळेत, अकाउंट्सची टेबलं सरकवून. बिल काढायला केवढे फॉर्म भरून घेतले माझ्याकडून."

"कसले फॉर्म?"

"व्हेंडर रजिस्ट्रेशन. धंद्याचं नाव, मालकाचं नाव, पॅन. खाली एक प्रश्न होता, तुम्ही किंवा तुमचे नातेवाईक या कंपनीत नोकरीला आहेत का? मी 'हो'वर टिक केली आणि एम्प्लॉयी कोड लिहिला. खोटं कशाला लिहू?"

"सही कुणाची?"

"विनीत सरांची. 'मंजूर' असा शिक्का पण."

मॅडमनी टेबलावर थाप मारली. वरचा पंखासुद्धा हलला. "कॉपी आहे?"

"नाही ना."

"काही बिघडत नाही. कागद त्यांच्या फायलीत आहे. चौकशीत अर्ज करायचा, हा दस्तऐवज हजर करा. नाही केला तर का नाही, ते त्यांना सांगावं लागेल." मग माझी अडीच पानं चार तुकडे करून त्यांनी टोपलीत टाकली. "खुलाशात काहीही नाकारायचं नाही. 'मी पैसे घेत नाही, छंद आहे' असलं बोललीस तर खोटं बोलल्याचा वेगळा आरोप येईल. ग्रुप माझा आहे, धंदा आहे, वेळेबाहेर आहे, कंपनीला माहीत आहे. चार ओळी. आणि निकाल लागेपर्यंत एकही कार्यक्रम करायचा नाही."

"दोन मंगळवार जातील, मॅडम."

"शेवटचा वाचवायचाय की नाही?"

"तुम्ही येणार ना चौकशीला?" मी विचारलं.

"मला येऊ देणार नाहीत. खात्याच्या चौकशीत सहसा वकील चालत नाही. सहकारी चालतो. तुम्ही जा." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "आणि उद्गारचिन्हं घरी ठेवून जा."

चौकशीची घाई कंपनीलाच होती. व्हिडिओखाली लोक लिहीत होते, 'अजून दोन!' आमच्या क्लायंटच्या माणसांनी फोनवर तेच सुरू केलं होतं. शिपिंग बिलं पाठवली की पलीकडून ठसक्यात, "अजून दोन!" विनीतचे कान लाल व्हायचे. खरं दुखणं तिथे होतं, क्लॉज चौदा नंतर आठवला. मार्चपासून ऑगस्टपर्यंत पाच महिने त्याला तो क्लॉज दिसला नाही, उखाणा ऐकल्यावर बरोबर दिसला.

चार ओळींचा खुलासा दिला, आणि दहा दिवसांनी, सोमवारी, कॉन्फरन्स रूममध्ये चौकशी भरली. चौकशी अधिकारी बाहेरचे, कोतवडेकर म्हणून, कामगार खात्यातून निवृत्त. सत्तरीचे, दर दहा मिनिटांनी बडीशेप खाणारे. विनीत कंपनीच्या बाजूने. एच.आर.ची प्रिती टाइप करायला. या बाजूला अपेक्षा आणि मी.

कोतवडेकरांनी आरोपपत्र वाचायला घेतलं. "आरोप एक, क्लॉज चौदाचा भंग. आरोप दोन, कंपनीच्या प्रतिमेस बाधा. पुरावा, व्हिडिओ. त्यातील मजकूर." त्यांनी चष्मा पुसला आणि कोर्टाचा निकाल वाचावा तशा आवाजात वाचलं, "दिवसभर भरते शिपिंग बिलं, साहेब म्हणतात अजून दोन. ध्रुवरावांचं नाव घेताना उचलत नाही एच.आर.चा फोन."

प्रितीचे खांदे हलायला लागले.

"प्रिती, हसू नको, टाइप कर," विनीत म्हणाला.

"सर, उद्गारचिन्ह टाकू?"

"टाका," कोतवडेकर म्हणाले. "उच्चारात आहे ते."

विनीत उभा राहिला. इंग्रजी-मराठीची खिचडी करत बोलला. "सर, एम्प्लॉयीने संध्याकाळी रेस्ट घ्यायला हवी. ही रात्री दहापर्यंत उड्या मारते. सकाळी ती फ्रेश कशी असणार? प्रॉडक्टिव्हिटीवर परिणाम होणारच."

मी हजेरीचा कागद पुढे केला. पाच वर्षांत एकही लेट मार्क नाही. मंगळवारच्या खेळानंतरच्या बुधवारीसुद्धा नाही. चुकलेली बिलं सगळ्यात कमी तिची.

"तो योगायोग असू शकतो," विनीत म्हणाला. "फुगडी इज अ व्हेरी टायरिंग ॲक्टिव्हिटी."

"आमचा साक्षीदार आहे, साहेब," मी म्हटलं. "श्रीमती दुर्गा."

दुर्गा मावशी बाहेर बसली होती, दोन तास, नऊवारी नेसून. आली ती थेट विनीतसमोर उभी राहिली. "ह्यो काय तो? माका वाटला, मोठो कोण असात."

"मावशी, अधिकारी इकडे आहेत," मी म्हटलं.

"असूंदेत. काय विचारायचा ता विचारा."

कोतवडेकरांनी विचारलं, "फुगडी घातल्यावर दुसऱ्या दिवशी थकवा येतो का?"

"त्रेसष्ट वर्सांचा माझा वय. बघतास काय?" आणि कुणाला कळायच्या आत मावशीने प्रितीचे दोन्ही हात धरून तिला खुर्चीतून उठवलं. "ये गो चेडवा!" आणि गरगर, गरगर. प्रिती आधी किंचाळली, मग हसायला लागली. तिची ओढणी प्रोजेक्टरवर गेली, विनीतची पाण्याची बाटली लवंडली, काचेबाहेर अकाउंट्सचं सगळं डिपार्टमेंट नाक चिकटवून उभं. वीस फेरे झाले. मावशीने प्रितीला अलगद खुर्चीत सोडलं आणि पदर खोचून म्हणाली, "झाला? आता कोण दमला ता लिवा."

प्रिती धापा टाकत होती. मावशीचा श्वास जिथल्या तिथे.

कोतवडेकरांनी बडीशेप तोंडात टाकली. "नोंद घ्या. साक्षीदाराने प्रात्यक्षिक दाखवले. साक्षीदारास दम लागला नाही. टंकलेखिकेस लागला." जरा थांबून म्हणाले, "पण रघुवीर, हे ध्यानात घ्या. दम लागो न लागो, क्लॉज काय म्हणतो? संमतीशिवाय धंदा नाही. ही धंदा करते हे तुम्हीच मान्य केलंय. दमाचा मुद्दा फार तर शिक्षा किती द्यायची इथे येईल. भंग झाला का, ते वेगळं."

विनीत हसला. अपेक्षाने माझी बाही धरली.

मी अर्ज पुढे सरकवला. "साहेब, मार्च महिन्यातली 'झिम्माड'ची व्हेंडर फाइल कंपनीने हजर करावी."

"कशाला?" विनीत म्हणाला. "ते एका दिवसाचं बिल आहे. मागा ना, काय हरकत? आपण ट्रान्स्परन्ट आहोत." आणि फोन उचलून त्याने स्वतःच फाइल मागवली. उघडूनसुद्धा बघितली नाही. असली माणसं दुसऱ्याच्या फाइलमधले स्वल्पविराम बघतात आणि स्वतःच्या सहीखाली काय आहे ते वाचत नाहीत.

कोतवडेकरांनी फॉर्म हातात घेतला. पहिलं पान. दुसरं पान. मग पहिलं परत. बडीशेपेची डबी त्यांनी बंद केली.

"विनीत, ही सही तुमची?"

"हो सर."

"मोठ्याने वाचतो. व्यवसायाचे नाव, झिम्माड. स्वरूप, मंगळागौर व सांस्कृतिक कार्यक्रम. मालकाचे नाव, अपेक्षा. आपण कंपनीत नोकरीस आहात का, हो. कोड, चार शून्य सात दोन. शेरा, 'व्यवसाय चालू असल्याचे तपासले, हरकत नाही, मंजूर'. खाली तुम्ही, व्यवस्थापनाच्या वतीने. शिक्का."

विनीतचा चेहरा आधी लाल झाला, मग आमच्या टॉवरसारखा राखाडी. "सर, ते फक्त त्या दिवसापुरतं होतं."

"नोंदणीची मुदत काय लिहिलीय?"

विनीत वाकून फॉर्म बघायला लागला.

"बारा महिने," कोतवडेकर म्हणाले. "आठ मार्चपासून पुढच्या सात मार्चपर्यंत. म्हणजे हा धंदा वर्षभर चालू राहणार, तो तुमची कर्मचारी चालवते, आणि तुमची हरकत नाही, असं तुम्हीच लिहून दिलंय."

"पण सर, क्लॉज चौदाच्या संमतीचा फॉर्म वेगळा असतो! हा तर पर्चेसचा फॉर्म आहे!"

"क्लॉज म्हणतो लेखी संमती. कुठल्या फॉर्मवर, ते म्हणत नाही. तसं हवं होतं तर लिहायचं होतं, क्लॉज तुमचाच आहे." त्यांनी डबी परत उघडली. "आणि मार्चमध्ये हिच्याकडून धंदा करून घ्यायचा, ऑगस्टमध्ये तोच गुन्हा म्हणायचा, हे कुठल्या तोंडाने?"

बाहेर काचेवर कुणीतरी टाळी वाजवली. दुर्गा मावशीने मला कानात विचारलं, "जिंकलंव मा?" मी म्हटलं, गप, अजून लिहितायत.

अहवाल पुढच्या सोमवारी आला. मधला मंगळवार बुडाला होता, त्याआधीचाही. अहवालात माझ्या मनासारखं सगळं नव्हतं, आणि मी ते लपवणार नाही. कोतवडेकरांनी स्वच्छ लिहिलं होतं की क्लॉज चौदा वैध आहे, नोकरी चालू असेपर्यंत तो वेळेबाहेरही लागू होतो, आणि मार्चच्या आधी अपेक्षाने परवानगी न घेता ग्रुप चालवला ही चूकच. पण आरोप ऑगस्टच्या कार्यक्रमाचा होता आणि त्या दिवशी लेखी संमती अस्तित्वात होती. आरोप एक सिद्ध नाही. आरोप दोनमध्ये आयकार्ड घालून कार्यक्रम केला एवढंच सिद्ध, त्याला लेखी ताकीद पुरे. अहवाल मानायचा की नाही हे कंपनीच्या हातात होतं. पण अडीच लाखांची बघ्यांची फौज बाहेर उभी असताना आणि 'मंजूर'चा शिक्का आत असताना कोण नाही म्हणतो? कंपनीने मानला.

सुचित्रा मॅडमना फोन केला तर म्हणाल्या, "आता लगेच अर्ज टाका. पुढच्या मार्चनंतरची परवानगी, क्लॉज चौदाचं नाव घालून. जिंकलोय तोवर मागायचं."

अर्ज आम्ही लगेच टाकला. दुपारी विनीतने अपेक्षाला आत बोलावलं. मीही गेलो, कुणी बोलावलं नव्हतं. त्याने ताकीदपत्र दिलं, त्यावर हिने सही केली. मग त्याने दुसरा कागद काढला. परवानगी, तीन अटींवर. कामाच्या वेळेत नाही, कंपनीच्या क्लायंटकडे नाही, कंपनीचं नाव वा चिन्ह कुठेही नाही. हिने तिन्ही अटी दोनदा वाचल्या. मी पण वाचल्या. यात कुठे खाच नव्हती. मग सही.

"आणि," विनीत घसा साफ करत म्हणाला, "पुढच्या महिला दिनाला मॅनेजमेंट म्हणत होतं की..."

"सर," अपेक्षा म्हणाली, "अट एक. कामाच्या वेळेत नाही."

मी बाहेर येऊन टपालाच्या पोत्यावर बसून हसलो. इतका हसलो की कुरिअरवाला पाणी घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी, शेवटच्या मंगळवारी, गिरगावात एका चाळीच्या गच्चीवर मांडव होता. सहाला पंच करून अपेक्षा निघाली, आणि दारातच तिने गळ्यातला पट्टा काढून माझ्या हातात दिला. "काका, सांभाळा. उद्या सकाळी द्या."

मी तो खिशात घालून मागोमाग गेलो. कोपऱ्यात सुचित्रा मॅडम आल्या होत्या, प्रितीही होती. दुर्गा मावशीने तिला नऊवारी नेसवूनच आणलं होतं. फुगड्या झाल्या, पिंगा झाला, गच्ची हादरली, खालच्या मजल्यावरचा माणूस दोनदा वर येऊन गेला आणि तिसऱ्यांदा राहिलाच. आणि मग बायका ओरडल्या, "नाव घे, नाव घे!"

अपेक्षाने गळ्याला हात लावून खात्री केली, पट्टा नाही. मग कमरेवर हात ठेवला.

"सहा वाजता पंच केलं, पट्टा काकांच्या हाती दिला,
ध्रुवरावांचं नाव घेते, पुढचा श्रावणही माझा झाला!"

माझ्या खिशातलं आयकार्ड मी मुठीत घट्ट धरलं होतं. मावशी कधी आली आणि तिने माझे हात कधी ओढले, कळलं नाही. बावन्नाव्या वर्षी आयुष्यातली पहिली फुगडी घातली मी. तीन फेऱ्यांत दम लागला.